विजेचं बिल आणि PE चा घोळ

हनोई

प्रिय सुहास,

सायगॉनमध्ये, म्हणजे हो ची मिन्ह सिटीत, बस्तान बसलं हे वाचून बरं वाटलं. विजेचं बिल भरताना फोनमधलं वॉलेट ‘ग्राहक सापडला नाही’ म्हणतं, असं तू लिहिलंस. पाठवलेला फोटो पाहिला. तो मीटरचा आहे रे! मीटरवरचा आकडा त्या यंत्राचा क्रमांक असतो. वॉलेटला हवा तो Mã khách hàng, म्हणजे ग्राहक क्रमांक. तो जुन्या बिलावर छापलेला असतो, घरमालकीणबाईंकडून एक बिल मागून घे.

हा क्रमांक १३ अक्षरांचा असतो. तुमच्या शहरात सुरुवात PE ने होते, माझ्याकडे हनोईत PD ने. पुढे सगळे आकडेच, त्यामुळे गोल दिसेल ते शून्य समज, इंग्रजी ओ नव्हे. Nhà cung cấp मध्ये, म्हणजे पुरवठादार निवडताना, हो ची मिन्ह सिटीची वीज कंपनी घे. पुरवठादार एका शहराचा आणि क्रमांक दुसऱ्या शहराचा असेल, तर बरोबर टाइप करूनही काही सापडणार नाही.

क्रमांक जुळला की नाव-पत्ता येतो. तिथे तुझं नाव शोधू नकोस. करार बाईंच्या नावावर असेल, तर त्यांचंच नाव दिसेल. पत्ता मात्र नीट वाच, कारण एक आकडा चुकला तर शेजाऱ्याचं बिल तुझ्या खिशातून जायचं. आणि 684.500 đ दिसलं तर तो टिंब दशांशाचा नाही, हजारांचा आहे: सहा लाख चौऱ्याऐंशी हजार पाचशे डोंग. आपली नजर पहिले काही महिने हमखास फसते. Kỳ पुढे बिलाचा महिना असतो, तोही बघ. काहीच थकबाकी नसेल, तर बहुधा बिल आधीच कुणी भरलंय किंवा अजून निघालेलंच नाही. बाईंनाच विचार, त्यांनी भरलं असेल.

पैसे गेल्यावर Thành công दिसलं की झालं. Đang xử lý दिसलं तर व्यवहार अजून अडकलाय. अशा वेळी घाईने पुन्हा भरू नकोस. Mã giao dịch, म्हणजे व्यवहार क्रमांक, तेवढा जपून ठेव. वॉलेटच्या मदतकेंद्राला किंवा वीज कंपनीला तक्रार करायची तर पहिल्यांदा तोच विचारतात.

वॉलेटची पावती म्हणजे फक्त पैसे दिल्याचा पुरावा. ऑफिसातून परतावा मागायचा असेल, तर वीज कंपनीचं Hóa đơn điện tử, म्हणजे करासकट इलेक्ट्रॉनिक बिल, वेगळं घ्यावं लागतं. त्यावरही नाव बाईंचंच असेल, तेव्हा ते चालेल का, हे अकाउंट्सवाल्यांना आधी विचारून घे.

पाण्याचं प्रकरण जरा वेगळं. तिथे क्रमांकाला Danh bộ किंवा Danh bạ म्हणतात आणि सायगॉनमध्ये भागाप्रमाणे पाणी कंपन्या निराळ्या. कंपनी बिलावर वाचूनच निवड, अंदाजाने नको.

तुझा,
प्रसाद