चि. निखिलला पहिल्या गाडीविषयी

कोथरूड, पुणे

चि. निखिल यास आईचे अनेक आशीर्वाद.

नागपूरचे काम संपवून तू दिवाळीपर्यंत घरी येणार आणि लगेच गाडी घेणार, असे बाबा म्हणाले. उंच बसायला मिळते म्हणून तुझ्या मनात एखादी छोटी एसयूव्ही आहे, हेही समजले. परवाना हातात आला तरी रहदारीत तुझे हात घामेजतात, हे मी पाहिले आहे. म्हणून गाडी ठरवण्याआधी हे पत्र वाच.

उंच बसल्याने लांबचे दिसते, हे खरे आहे. पण पुण्यात नवशिक्याची गाडी घासते ती जवळच्या गोष्टींना. ज्या गाडीचे बॉनेट उंच आणि खिडक्यांची खालची कडा खांद्यापर्यंत आलेली असते, तिच्यात तू कितीही उंच बसलास तरी डाव्या चाकाशेजारचा दगड किंवा मागे उभे असलेले लहान मूल काचेतून दिसणार नाही. कॅमेरा मागचे दाखवतो, परंतु तो बहुधा रिव्हर्स टाकल्यावरच, आणि पावसात त्याच्या भिंगावर चिखल बसतो. शोरूममध्ये गेलास की आधी सीट स्वतःपुरती लावून घे. सीटची उंची कमी-जास्त करण्याची सोय प्रत्येक मॉडेलच्या स्वस्त प्रकारात असतेच असे नाही, त्यामुळे तू जो प्रकार घेणार त्याच प्रकारात बसून पाहा. मग मामाला गाडीसमोर उभे करून हळूहळू मागे जायला सांग आणि त्याचे बूट किती अंतरावर दिसू लागतात ते बघ. दोन-तीन गाड्यांत हे केलेस की फरक आपोआप कळेल.

याहून महत्त्वाचा आहे काचेच्या उजव्या कडेचा खांब. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे हा खांब डोळ्यांच्या अगदी जवळ येतो आणि जितका जवळ तितके जास्त झाकतो. मामाला समोरून उजवीकडे तिरके, आठ-दहा पावले दूर, सावकाश आडवे चालायला सांग. जाड खांबामागे तो क्षणभर जवळजवळ नाहीसा होतो. आता त्याच्या जागी कर्वे रस्त्यावर तू उजवीकडे वळत असताना समोरून येणारी स्कूटर आहे, असे समज: तुझी गाडी वळत जाते, स्कूटर पुढे येत जाते आणि दोघांचा वेग जुळला तर ती बराच वेळ त्या खांबाआडच राहते. गाडी कुठलीही असो, वळण्याआधी मान पुढे-मागे करून पाहावेच लागते. मात्र खांब बारीक असला तर थोड्या हालचालीने भागते.

आकाराच्या बाबतीत लांबीपेक्षा रुंदी बघ. चार मीटरच्या आतली म्हटल्यावर सगळ्या गाड्या सारख्याच छोट्या वाटतात, पण वॅगनआरची रुंदी १६२० मिलिमीटर आहे आणि ब्रेझाची १७९०. सतरा सेंटिमीटर कागदावर किरकोळ दिसतात. सदाशिव पेठेतल्या गल्लीत दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या असताना समोरून रिक्षा आली, की तेवढ्यावरच आरसा वाचतो. शिवाय वॅगनआरचे छप्पर उंच, काचा मोठ्या आणि बॉनेट आखूड आहे. दिसायला ती डबा आहे, हे मला मान्य आहे.

आता क्लच. टेस्ट ड्राइव्हला सपाट जागी पहिला गिअर टाक, ॲक्सिलरेटरला पाय न लावता क्लच सावकाश सोड. गाडी न गचकता, बंद न पडता आपणहून सरकू लागली, तर ती तुझ्या चुका पोटात घालील. पाय जरा दाबताच एकदम उसळणारे टर्बो इंजिन तुला नको. तुझा कल एएमटीकडे, म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या स्वस्त प्रकाराकडे असेल तर एक ध्यानात ठेव, की तिच्यातही नेहमीचाच क्लच असतो, फक्त तो यंत्र दाबते. त्यामुळे चढावर ब्रेकवरून पाय काढला की ती मागे येऊ शकते. हिल होल्डची सोय असेल तर ती चढावर गाडीला साधारण दोन सेकंद धरून ठेवते. चढावर गाडी ॲक्सिलरेटरने तोलून धरायची नाही, त्याने क्लच तापतो. थांबायचे ते ब्रेकवरच. सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर असलेली ऑटोमॅटिक याहून मऊ चालते, मात्र तिची किंमत बरीच चढते.

माझे मत वॅगनआरच्या १.२ लिटर एएमटीकडे झुकते आहे, पण तिच्यावरच अडून बसू नकोस. विक्रेता तुला रुंद, सरळ रस्त्यावर फिरवून आणील. तू गाडी आपल्या सोसायटीत आणायला सांग. बेसमेंटच्या रॅम्पवर मधोमध थांबव, पुन्हा निघ, वर आल्यावर डावीकडचे वळण एका दमात बसते का पाहा. आणि रोज वापरतोस तीच पादत्राणे घालून जा.

तुझी,
आई

ता. क. मामाला शनिवारी वेळ नसतो, रविवार सकाळ ठरव.