वीजबिल वाचताना आधी रुपये नव्हे, युनिट आणि तारखा पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘बिल दुप्पट आले’, ‘मीटर पळतोय’ अशी पत्रे आपल्या सदरात दर दोन-तीन महिन्यांनी येतात. त्यांतली काही तक्रार खरीच असेल. पण बँकेत एकतीस वर्षे आकडेमोड केल्यामुळे गल्लीतले लोक बिल घेऊन माझ्याकडे येतात आणि माझा अनुभव असा, की बहुतेक जण बिलातला फक्त तळाचा, ठळक आकडा वाचतात. खरे सांगणारे आकडे वरच्या भागात असतात. एका घराचे बिल उलगडून दाखवते.

शेजारच्या वहिनी ऑगस्ट २०२४ चे बिल घेऊन आल्या. दर महिन्याला साडेसातशे-आठशेच्या घरात येणारे बिल एकदम २,१६३ रुपये. वापर ३९० युनिट. “एवढी वीज आम्ही कधीच जाळली नाही हो,” म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होते. मी म्हटले, आधीची दोन बिलेही आणा.

तिन्ही बिले शेजारी-शेजारी ठेवली आणि ‘चालू रीडिंग’ व ‘मागील रीडिंग’ हे दोन रकाने पाहिले. जून आणि जुलैच्या बिलांवर चालू रीडिंगच्या जागी आकडाच नव्हता, रीडिंग मिळाले नाही असा शेरा होता आणि वापर दोन्ही वेळा बरोब्बर ९० युनिट. सलग दोन महिने युनिट तंतोतंत सारखे दिसले, की ते सरासरीचे बिल समजावे. वहिनींचा मीटर जिन्याखाली, ग्रीलच्या आत आहे. त्या तीन महिन्यांत लेक बाळंतपणाला आली होती. दुपारी बाळ-बाळंतीण झोपलेली, ग्रीलला कुलूप, बेल बंद करून ठेवलेली. रीडिंग घेणारा येऊन परत गेला असणार. ऑगस्टमध्ये ग्रील उघडी सापडली आणि तीन महिन्यांचा खरा वापर एकदम बिलावर आला. म्हणजे ३९० युनिट एका महिन्याचे नव्हते. तिनाने भागा, महिन्याला १३०.

आता १३० युनिटांचे बिल कसे होते ते पाहू. महावितरणच्या घरगुती ग्राहकांना २०२४-२५ साठी वीज नियामक आयोगाने ठरवलेले दर इथे घेते. नंतर दर बदलले आहेत, त्यामुळे आपल्या बिलासाठी त्या-त्या काळाचे दर घ्यावेत, रीत तीच राहते. पहिल्या १०० युनिटांना वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता. पण ‘वहन आकार’ ही ओळ वेगळी असते, युनिटला १ रुपया १७ पैसे. वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचा हा खर्च. लोक नेमका हाच मिळवायला विसरतात आणि मग हिशेब जुळत नाही. दोन्ही मिळून पहिल्या शंभरातले युनिट ५ रुपये ८८ पैशांना पडले. १०१ ते ३०० या टप्प्यात तेच ११ रुपये ४६ पैसे, ३०१ ते ५०० मध्ये १५ रुपये ७२ पैसे.

शंभर ओलांडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, अशी एक समजूत पक्की बसली आहे. तसे नाही. १३० युनिटांत पहिली शंभर ५.८८ नेच मोजली जातात, म्हणजे ५८८ रुपये. उरलेल्या ३० युनिटांनाच ११.४६ चा दर, ते ३४३ रुपये ८० पैसे. बेरीज ९३१ रुपये ८० पैसे.

यात ‘स्थिर आकार’ मिळवायचा. सिंगल फेजला तो तेव्हा महिन्याला १२८ रुपये होता. घराला कुलूप लावून दोन महिने गावाला गेलात, एक युनिट जळले नाही, तरी तो येणारच, कारण खांब, तारा, रोहित्र आणि तुमची जोडणी तयार ठेवण्याचा तो आकार आहे. बंद घराचे बिल शून्य का नाही, याचे उत्तर एवढेच.

मग वीज शुल्क. हा राज्य सरकारचा कर, घरगुती ग्राहकांना १६ टक्के. तो केवळ विजेवर नसतो. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार या सगळ्यांच्या बेरजेवर लागतो. विजेवर जीएसटी नाही, त्यामुळे तो शोधत बसू नये. वहिनींच्या एका महिन्याचा हिशेब असा झाला: ९३१.८० अधिक १२८, म्हणजे १,०५९.८०. त्यावर १६ टक्के धरून सुमारे १,२२९ रुपये. इंधन समायोजन मी मुद्दाम बाजूला ठेवले आहे, त्याकडे पुढे येते.

म्हणजे वहिनींचे खरे बिल महिन्याला १,२२९ रुपये होते आणि सरासरीने त्यांनी भरले दोनदा ७६२. दर वेळी ४६७ रुपये कमी. ऑगस्टचे १,२२९ आणि राहिलेले दोन वेळचे ४६७, झाले २,१६३. बिल वाढवून आलेले नव्हते. आधीची दोन बिले कमी आली होती. आधी भरलेल्या बिलांची वजावट बिलात समायोजनाच्या ओळीत दिसते.

यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा टप्प्यांचा आहे. ३९० युनिट एकाच महिन्याचे धरले असते, तर पहिली १०० युनिटे ५.८८ ने, पुढची २०० युनिटे ११.४६ ने आणि शेवटची ९० थेट १५.७२ ने मोजली गेली असती. तो वीज आणि वहन आकार होतो ४,२९४ रुपये ८० पैसे. तीन महिन्यांत विभागून तोच होतो २,७९५ रुपये ४० पैसे. फरक १,४९९ रुपये ४० पैसे, शुल्क धरून १,७३९ रुपये. वहिनींच्या बिलात विभागणी नीट केलेली होती, म्हणून मी त्यांना निश्चिंतपणे “भरा” असे सांगितले. पण साचलेल्या रीडिंगचे बिल आले, की प्रत्येकाने हा पडताळा स्वतः करावा. एकूण युनिटांना महिन्यांनी भागायचे, एका महिन्याचा हिशेब टप्प्यांप्रमाणे करायचा, पुन्हा महिन्यांनी गुणायचे आणि आधी भरलेली बिले वजा करायची. उत्तर बिलाच्या आसपास नसेल, तर तिन्ही बिले आणि हा कागद घेऊन उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. ‘बिल जास्त आले’ एवढेच तोंडी सांगून काही हाती लागत नाही. ‘वापर तीन महिन्यांचा आहे, टप्पे एका महिन्याचे लावले आहेत’ हे वाक्य अर्जात असले, की तपासणाऱ्याला कुठे पाहायचे ते कळते.

वहिनींनी मग विचारले, ९० वरून १३० वर आम्ही गेलो कशाने? मी विचारले, गीझर किती वेळ? बाळाची आंघोळ, बाळंतिणीची आंघोळ, लंगोट धुवायला कढत पाणी, मिळून रोजची चाळीस मिनिटे. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट होते. चाळीस मिनिटांचे सव्वा-दीड युनिट, महिन्याला ४० युनिट. उत्तर तिथेच होते. त्यांतली दहा युनिटे पहिल्या टप्प्यात बसली, शुल्कासह ६ रुपये ८२ पैशांची. पण तीस युनिटे दुसऱ्या टप्प्यात गेली, शुल्कासह प्रत्येकी १३ रुपये २९ पैशांची. वापर दीडपटीच्या आतच वाढला, बिल मात्र दीडपटीच्या पुढे गेले. मीटर पळत नव्हता. टप्पा बदलला होता. बाळंतिणीच्या पाण्यात काटकसर करा असे मी कुणाला सांगणार नाही. पण शंभराच्या काठावर असलेल्या घराने पंखे-दिव्यांवरून मुलांना रागावण्याआधी गीझरचे घड्याळ पाहावे.

राहिला इंधन समायोजन आकार, बिलावर ‘इं. स. आकार’. दर ठरवताना कोळसा आणि वीजखरेदीचा खर्च अंदाजे धरलेला असतो. प्रत्यक्षात तो कमी-जास्त झाला, की फरक नंतरच्या बिलांत या ओळीतून येतो. म्हणून ही ओळ महिन्या-महिन्याला बदलते, कधी नसतेच, आणि खर्च कमी झाला तर वजाही येऊ शकते. हाही टप्प्यांनीच लागतो. सप्टेंबर २०२५ च्या वापरावर तो पहिल्या १०० युनिटांना ३५ पैसे, १०१ ते ३०० ला ६५ पैसे होता. १३० युनिटांच्या घराला त्याचे ५४ रुपये ५० पैसे, शुल्क धरून ६३ रुपये. तेवढाच वापर असताना पन्नास-साठ रुपयांचा फरक दिसला तर आधी या ओळीकडे पाहावे. पाचशे-सहाशेंचा फरक मात्र या घरात या ओळीने होत नाही. तो युनिटांत, तारखांत नाहीतर थकबाकीत सापडतो.

तारखांचे आणखी एक. मागील आणि चालू रीडिंगच्या तारखांमध्ये कधी २८ दिवस असतात, कधी ३५. दोन महिन्यांची तुलना करताना युनिटांना दिवसांनी भागून तीसने गुणावे. ३५ दिवसांचे ११५ युनिट म्हणजे तीस दिवसांचे साधारण ९९. अशा बिलात टप्पाही दिवसांच्या प्रमाणात वाढवून धरला आहे का, हे पाहायला हवे, नाहीतर पाच दिवसांच्या उशिराने माणूस वरच्या दरात ढकलला जातो.

वहिनींनी आता दर महिन्याच्या पाच तारखेला मीटरचा फोटो काढून ठेवायला सुरुवात केली आहे आणि मीटर ग्रीलच्या बाहेर हलवण्यासाठी अर्ज दिला आहे.

आपल्याला एक विनंती. नवे दर जाहीर होतात तेव्हा बातमीत बहुधा ‘सरासरी इतके टक्के वाढ’ असे छापून येते. त्यावरून स्वतःचे बिल कुणालाच काढता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक टप्प्याचा वीज आकार व वहन आकार मिळून एक दर, सिंगल फेजचा स्थिर आकार आणि ९०, १३० व २५० युनिटांची शुल्कासह पूर्ण बिले, एवढी एक चौकट छापावी. ती कापून मी आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काचेवर लावीन.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, वाई (जि. सातारा)