बाण ज्या कडेवरून निघतो

डिचोली, गोवा

चि. मेधास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडकुंडीला आली होतीस म्हणून मी जास्त बोललो नाही. एरवी आपण कोकणीत बोलतो, पण लिहायला बसलो की माझा हात मराठीतच चालतो. आजोबांनी लावलेली सवय आहे ती. शिवाय आकडे कागदावर असले की बरे, फोनवर ते हवेत जातात.

तू बनवलेल्या जिगमध्ये, म्हणजे पट्टी पकडून ड्रिलला नेमकी जागा दाखवणाऱ्या साच्यात, भोकं पाडलेल्या साठ पट्ट्यांतल्या सतराच पास झाल्या, बाकीच्या भंगारात. तुझं म्हणणं, वर्कशॉपचं ड्रिलिंग मशीन जुनं आहे, स्पिंडल हलतो. हलत असेलही. पण तू पाठवलेल्या पाच पट्ट्यांच्या मापांत मशीनचा दोष मला दिसत नाही. ती मापं मी इथे पुन्हा मांडतो.

पट्टी 40 लांब, 25 रुंद, 6 मिमी जाड. एका टोकाचा कोपरा 6 मिमी तिरका कापलेला, त्या टोकाला आपण 'अ' म्हणू आणि दुसऱ्याला 'ब'. ड्रॉइंगप्रमाणे अ पासून पहिलं भोक 8 मिमीवर, तिथून दुसरं 22 वर. दोन्ही भोकं 6 मिमीची. काजू फोडायच्या तुमच्या यंत्रात पट्टीचं अ टोक खाचेच्या भिंतीला टेकतं आणि दोन्ही भोकांतून पिना जातात, म्हणून 8 च्या मापाला फक्त 0.1 ची सूट आहे.

आता तुझे आकडे. दोन भोकांमधलं अंतर पाचही पट्ट्यांत 22.0, फरक दोन शतांशांचा. ब टोकापासून दुसरं भोक पाचही वेळा 10.0. आणि अ पासून पहिलं भोक: 8.3, 7.8, 8.1, 7.6, 8.4. याच पट्ट्यांची लांबी तू शेजारी लिहिली आहेस, त्याबद्दल शाबास: 40.3, 39.8, 40.1, 39.6, 40.4. प्रत्येक लांबीतून 32 वजा करून बघ.

जमलं ना? स्पिंडल हलत असता किंवा जिगमधले ड्रिलला वाट देणारे बुश ढिले असते तर 22 चं अंतरसुद्धा डुगडुगलं असतं. पट्टी नीट टेकत नसती तर ब कडचं 10.0 पाचही वेळा आलं नसतं. तुझी जिग अगदी इमानदार आहे. तू तिला ब पासून 10 मिमी मोजायला सांगितलंस आणि ती साठही वेळा तेच करत राहिली. लांबीतली सगळी चूक मग अ कडे जाऊन साठली. कटिंगवाल्याने पट्ट्या अर्धा मिमी इकडेतिकडे कापल्या हा त्याचाही गुन्हा नाही. 40 च्या मापावर ड्रॉइंगमध्ये तशी सूट दिलेली आहे, मी बघितलं.

तू ब टोक का धरलंस ते फोटोवरून कळतं. अ कडे कोपरा कापलेला, तिथे पट्टी टेकवायची खीळ कुठे ठोकायची हा प्रश्न, आणि ब कडे सरळ धार आयती मिळाली. मीही हेच केलं होतं. कुंडईच्या कारखान्यात टूलरूमला लागून वर्षही झालं नव्हतं. एका ओतीव झाकणाची जिग मला दिली होती. जी बाजू टेकवायला सोपी ती मी टेकवली, आणि ती नेमकी खडबडीत, न मशीन केलेली बाजू निघाली. फोरमनने नाकारलेली दोन झाकणं माझ्या टेबलावर ठेवली, ड्रॉइंग उघडलं आणि एवढंच विचारलं, "हा बाण कुठून निघतो?" मापाचा बाण ज्या कडेवरून निघतो तीच कड खिळीला टेकली पाहिजे. दुसऱ्या कोणत्याही कडेला टेकवलं तर मधल्या मापाची सगळी सूट आपल्या भोकात येऊन बसते.

तेव्हा जिग मोडू नकोस. बुश आहेत तिथेच राहू देत, 22 चं अंतर सोन्यासारखं आलं आहे. फक्त टोकाची खीळ ब कडून काढून अ कडे घ्यायची आणि ब कडे स्क्रू लावायचा. पट्टीचा तळ बेसवर टेकला, लांब बाजू दोन खिळ्यांना टेकली आणि टोक एका खिळीला टेकलं की ती कुठे सरकत नाही, हे तुला शिकवलेलं आहेच. कापलेला कोपरा स्क्रूच्या बाजूला येऊ दे, म्हणजे खिळ्यांच्या बाजूची लांब धार पूर्ण मिळते. अ ची खीळ न कापलेल्या अर्ध्या भागात ठेव.

ही खीळ बरोबर जागी बसवण्याची एक जुनी युक्ती सांगतो. भोकाच्या मध्यापासून खिळीच्या तोंडापर्यंत 8.00 हवं. बुशमध्ये सरकेल अशी 6 मिमीची पिन वरून घाल, तिची अर्धी जाडी 3. म्हणजे पिन आणि खीळ यांच्यामध्ये 5.00 ची फट उरली पाहिजे. मिलिंगवर भोक पाडून हे एका फटक्यात शतांशावर आणणं तुझ्या सरांनाही जड जाईल, टेबलच्या स्क्रूतली ढिलाईच तेवढी असते. म्हणून खीळ मुद्दाम थोडी आत बसव, फट 4.9 येईल अशी. मग खिळीच्या पट्टीकडच्या अंगाला दगडाने सपाट घासत जा, 5 मिमीची स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचा पोलादी तुकडा, अडकत-अडकत सरकेपर्यंत. घासताना घाई नको, जास्त गेलं तर नवी खीळ. त्या सपाट अंगाचा आणखी एक फायदा असा की गोल खिळीवर पट्टी एकाच रेषेवर घासत राहते आणि तिथे लवकर खड्डा पडतो, सपाटीवर तो पडत नाही. जिगची स्वतःची चूक पट्टीच्या सुटीच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ द्यायची नाही, म्हणजे इथे तीन शतांश. तेवढं दगडाने सहज जमतं.

स्क्रू दोन लागतील. एक ब कडून अ च्या खिळीकडे ढकलणारा आणि दुसरा बाजूने. बाजूचा स्क्रू त्या दोन खिळ्यांच्या मधोमध दाबला पाहिजे. एका खिळीच्या बाहेर दाबलास तर पट्टी त्या खिळीभोवती फिरते आणि दुसरीपासून सुटते. ब कडच्या स्क्रूला निदान दीड-दोन मिमी चाल ठेव, कारण तुझ्याच मापांत सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब पट्टीत 0.8 चा फरक आहे.

कापलेल्या कोपऱ्याचा आता उपयोग करून घे. तो जिथे येतो तिथे, पट्टीच्या मूळ चौकोनी कोपऱ्याच्या जागी, 3 मिमीची एक साधी खीळ उभी कर. बरोबर ठेवलेल्या पट्टीला ती शिवणारही नाही. पण कोणी पट्टी उलटी किंवा पालथी घातली तर चौकोनी कोपरा त्या खिळीवर चढेल आणि पट्टी बसणारच नाही. चार वाजता, कँटीनची घंटा झाल्यावर काम करणाऱ्या तुझ्या मित्रांसाठी हे हवंच.

आता फोटोत दिसलेल्या दोन गोष्टी. पहिली, बुशच्या खाली बेसमध्ये तू ड्रिल जेमतेम जाईल एवढंच भोक ठेवलं आहेस. ड्रिल पार होताना पट्टीच्या खालच्या अंगाला धारदार कोर उभी राहते, आम्ही तिला बर म्हणतो. ती त्या भोकात अडकते, मग पट्टी हातोडीने ठोकून काढावी लागते आणि ठोकल्याने खिळ्या हलतात. ती भोकं 9 मिमीची कर. खिळ्यांच्या बुडाशीही बारीक खाच मार, म्हणजे कीस तिथे जमून पट्टीला खिळीपासून दूर ठेवणार नाही. माइल्ड स्टीलचा कीस लांब, वळ्यावळ्यांचा निघतो. म्हणून बुशचं तोंड आणि पट्टी यांत चार मिमी तरी मोकळी जागा असू दे, नाहीतर तो सगळा बुशमधूनच वर चढेल आणि बुश खाईल.

दुसरी गोष्ट पायांची. तू तीन पाय लावलेस, कारण तीन पायांवर काहीही डुलत नाही. त्याचसाठी मी चार लावतो! एका पायाखाली कीस आला तर तीन पायांची जिग तिरकी होऊनही गुमान उभी राहते आणि भोक तिरकं जातं. चार पायांची जिग लगेच खडखडते, हाताला कळतं.

आणि टेबलवर एक थांबा बोल्ट करून ठेव. ड्रिल वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतं, त्यामुळे जिगची तुझ्याकडची मूठ डावीकडे ओढली जाते. थांबा मुठीच्या डाव्या बाजूला हवा. ड्रिल पार होतानाच ते धातू पकडतं, आणि त्या वेळी तुझी पकड कामाला येत नाही, थांबाच येतो. हातमोजे घालून ड्रिलजवळ जायचं नाही, हे तुला दहावीपासून सांगतोय. वेग 1300 फेऱ्यांच्या आसपास ठेव.

सगळं झालं की लगेच साठ पट्ट्या लावू नकोस. उरलेल्या कोऱ्या पट्ट्यांतून सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब अशा दोन शोध आणि पहिल्यांदा त्याच कर. दोन्हींत अ पासूनचं माप सारखं आलं तर खीळ बरोबर कडेला आहे. मग त्यातली एक पट्टी काढून, पुसून परत बसव, स्क्रू आवळ आणि बुशमधून पिन खाली सोड. पिन त्याच भोकात अलगद उतरली तर पट्टी दर वेळी एकाच जागी बसते आहे. अडली तर कीस शोध, नाहीतर बाजूचा स्क्रू कुठे दाबतोय ते बघ.

पाऊस अजून आहे, रोज काम संपलं की बुशना आणि खिळ्यांना तेलाचा फडका मार. इथे एका रात्रीत तांबूस थर चढतो आणि तोही दोन शतांश खातो.

आईने डब्यात चवथीच्या नेवऱ्या दिल्या आहेत, शनिवारी शेजारचा मुलगा घेऊन येईल. त्याच पिशवीत कागदाच्या पुडीत माझी 5 ची स्लिप गेज आहे. बोटांचा घाम लागू देऊ नकोस आणि काम झालं की परत पाठव. नव्या पाच पट्ट्यांची मापं तशीच शेजारी लांबी लिहून कळव.

तुझे,
बाबा