राखणदार दाजू, तुमचे आभार सगळ्यांसमोर

प्रिय दाजू,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यावर संशय आम्ही चारचौघांत घेतला होता, म्हणून आभारही चारचौघांत मानते आहे. लिपी तुमची-आमची एकच, तेव्हा तुम्हाला हे वाचता येईल. कुठे अडलं तर फोन करा, मी वाचून दाखवीन.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. रत्नागिरीकडच्या आंबा बागांत हंगामाला नेपाळहून माणसं राखणीला येतात. तसे तुम्ही तीन वर्षं आमच्याकडे येताय. गावात तुमच्याकडच्या सगळ्यांनाच सरसकट ‘बहादूर’ म्हणतात. आम्ही दाजू म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ. तुम्ही मला बहिनी म्हणता, म्हणजे धाकटी बहीण. पहिली दोन वर्षं मला ते ‘वहिनी’च ऐकू येत होतं.

एप्रिलमध्ये मांगरात आढी लावली होती. भाताच्या पेंढ्यावर हापूसचा थर, वर पुन्हा पेंढा. मांगराच्या पडवीला खालपासून पत्र्यापर्यंत जाळी आहे आणि आत जायला एकच फाटक. बागेच्या गडग्यावरून माकडं सहज उडी मारतात, पण इथे वरूनही वाट नाही. फाटक उघडलं तरच आत. त्याला आडवा अल्ड्रॉप, म्हणजे सरकती दांडी आणि ती अडकावी म्हणून खाली पाडायचा तिचा कान. कुलूप पूर्वी होतं, ते खाऱ्या हवेनं गंजून बसलं. शिवाय चावी घरी राहिली की गडी आंब्याच्या क्रेट घेऊन दारात ताटकळत उभे. म्हणून नुसती कडी.

एका सकाळी आढीची कड उसकटलेली दिसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. फाटक उघडं, कडी सरकवलेली, काही तुटलेलं नाही. अण्णा म्हणाले, कडी काढायला माणसाचाच हात लागतो. रात्री बागेत तुम्ही एकटे. गड्यांसमोर त्यांनी तुम्हाला विचारलं आणि आठवड्याच्या पगारातून पैसे कापले. मी तिथेच उभी होते आणि काही बोलले नाही. दाजू, या पत्रात माफी मागायची ती या गप्प राहण्याची.

तुम्ही उलट बोलला नाहीत. त्या रात्री चुलीची काजळी खोबरेल तेलात कालवलीत आणि अल्ड्रॉपच्या दांडीला चोपडलीत. सकाळी मला हाक मारलीत, “बहिनी, कडी बघा.” दांडीवर बोटांचे ठसे होते, माझ्या करंगळीपेक्षाही बारीक. चार बोटं वरून, आणि खालच्या बाजूला अंगठा वेगळा उमटलेला. तुम्ही म्हणालात, हे वानर नाही, माकड आहे. काळ्या तोंडाच्या वानराचा अंगठा आखूड, त्याला अशी चिमटीत पकड जमत नाही. लाल तोंडाच्या माकडाला जमते. मग जमिनीवरचे आंबे दाखवलेत. एकेक चावा घेऊन टाकलेले, सालींचे तुकडे इथे-तिथे. चोर माणूस पेटीच्या पेटी उचलतो, एकेक चावून फेकत बसत नाही. हे अण्णांना पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं, आणि मलाही.

तरी तुम्ही म्हणालात, डोळ्यांनी बघा. दुसऱ्या दिवशी पहाटे पेंढ्याच्या उडवीमागे आपण बसलो. बॅटरी बंद. माकडं रात्री झाडावरून हलत नाहीत, त्यामुळे रात्रभराच्या तुमच्या फेऱ्यांत ती दिसणार नव्हतीच. तुमची राखण संपायची आणि गडी यायचे, त्या मधल्या अर्ध्या तासातली ही चोरी. तांबडं फुटलं आणि ती आली, डाव्या कानाला खाच पडलेली मादी. इकडे-तिकडे पाहिलं, फाटकाच्या पट्टीवर पाय रोवला, एका हातानं दांडीचा कान वर उचलला आणि दुसऱ्या हातानं दांडी ओढली. ती एका दमात सरकली नाही. तिनं कान तसाच धरून ठेवला, फाटक आपल्याकडे ओढून घेतलं आणि पुन्हा ओढली. कडी सुटली. गालाच्या पिशव्या भरून ती बाहेर आली तेव्हा बाकीची टोळी फाटकाशी पोचली होती.

अण्णांना तुम्ही नंतर समजावलंत ते मी मुद्दाम लिहिते, कारण इतर बागायतदारांना ते उपयोगी पडेल. तुमचं म्हणणं, तिला पहिला धडा आपणच दिला. फाटकाची वरची बिजागरी सैल होऊन फाटक खाली बसलं होतं. त्यामुळे दांडीचा कान पूर्ण खाली पडत नव्हता आणि घाईत गडी तो वरच ठेवून जायचे. अशा वेळी फाटक नुसतं गदगदा हलवलं तरी दांडी थोडी थोडी सरकते. वासाला आलेल्या माकडानं फाटक हलवलं, ते उघडलं, आंबा मिळाला. पुढे कान खाली पाडलेला असला तरी कुठे खटपट करायची ही जागा तिला कळलेली होती. पहिल्या दिवसापासून कान नीट पाडला असता तर ती हलवून कंटाळून गेली असती.

मग तुमचे उपाय. आधी कडीला तार गुंडाळलीत, ती तिनं तिसऱ्या दिवशी सोडवली. दोरीची गाठ दातांनी तोडली. तेव्हा तुम्ही बंदरावर जाऊन होड्यांना लावतात तो डी-शॅकल आणलात, पिनेला आटे असलेला. कुलपाच्या भोकातून घालून पान्यानं आवळायचा, पाना आतल्या खुंटीला हात घालून काढता येईल असा टांगायचा. तुमचा हिशेब असा होता, की तार एक वेढा सुटला तरी सैल होते आणि माकडाला कळतं आपलं काहीतरी जमतंय. आटे पाच-सहा वेढे फिरवल्याशिवाय काहीच हलत नाही, आणि आवळलेली पीन बोटांनी पहिला वेढाही घेत नाही. त्याबरोबर बिजागरीचे स्क्रू बदलून फाटक वर उचलून बसवलंत.

मला सगळ्यांत पटलं ते यापुढचं. दहा दिवस आढी आतल्या खोलीत हलवायला लावलीत. अण्णा कुरकुरले, शॅकल आहे ना आता? तुम्ही म्हणालात, एखाद्या दिवशी गडी शॅकल विसरला आणि तिला एक जरी आंबा मिळाला, तर पुढे महिनाभर ती रोज येईल. गावाकडे मक्याच्या राखणीत तुम्ही हेच पाहिलं होतं, एक दिवस कणीस मिळालं की टोळी हटत नाही. पाचव्या दिवशी एक गडी खरंच विसरला. ती आत गेली, पेंढा उसकटला, रिकाम्या हातानं परत आली. आठव्या दिवसानंतर तिनं कडीला हात लावलेला मी पाहिला नाही.

शेजारच्या बागेतून कोणी छऱ्याची बंदूक देऊ केली होती. तिच्या पोटाशी पिल्लू आहे एवढंच तुम्ही म्हणालात आणि पाना हातात घेतलात.

कापलेले पैसे अण्णांनी तुम्ही निघालात तेव्हा तुमच्या हातात ठेवले, ते गड्यांसमोर ठेवायला हवे होते. ते राहून गेलं, म्हणून इथे लिहिलं. हे पत्र अण्णांना आधी वाचून दाखवलंय. त्यांनी एकच शब्द बदलायला सांगितला, ‘विचारलं’च्या जागी ‘चोर ठरवलं’ लिही म्हणाले. मी वर तसंच ठेवलंय, त्यांचा शब्द इथे लिहिते.

शॅकलला ग्रीस लावून कापडात गुंडाळून ठेवलाय, पावसात गंजू नये म्हणून. बिजागरी पुन्हा थोडी कुरकुरते आहे. दिवाळीनंतर याल तेव्हा ती बघू.

तुमची,
बहिनी