'टुमॉरो' दिसला की 'विल' भरायचं नाही

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला वर्कशीटचा फोटो मोठा करून करून पाहिला. पोरीच्या कितीतरी रिकाम्या जागा लाल पेनानं खोडल्या म्हणून तू लगेच लिहिलंस, हिचं इंग्रजी कच्चं आहे, शिकवणी लावू का. नको लावू लेका. मी रोज संध्याकाळी गावातल्या पोट्ट्यांना हेच घेतो, त्यामुळे कागद पाहिल्याबरोबर कळलं की तिला रूपं सगळी येतात, स्पेलिंग पण बरोबर आहेत, पण तिनं प्रत्येक वाक्यात आधी टुमॉरो, टुनाइट, नेक्स्ट मंडे असला शब्द शोधला आणि तो दिसला की विल भरून मोकळी झाली. फ्यूचरच्या गॅप-फिलमध्ये हे असंच होते. टुमॉरो सिंपल प्रेझेंट, प्रेझेंट कंटिन्युअस, विल आणि गोइंग टू या चारही रूपांसोबत येतो, म्हणून उत्तर कोणतं ते तो शब्द सांगतच नाही. बघायचं ते दुसरंच, की ही गोष्ट ठरली कधी आणि ठरवली कोणी.

त्यांच्या सरांनी वाक्यं इकडचीच घेतली हे मला फार आवडलं, दोन मित्रांचं बोलणं आहे, एक जण उद्या सकाळी यवतमाळला निघाला आहे. तेच घेऊन सांगतो, तू तिला समोर बसवून वाच.

पहिली जागा अशी आहे: द बस ____ ॲट सिक्स फिफ्टीन टुमॉरो. शेजारी लीव्ह दिलंय. तिनं विल लीव्ह लिहिलं. आता ही बस सव्वासहाला सुटते हे कोणी ठरवलं? बोलणाऱ्यानं नाही, त्याच्या मित्रानं नाही, ते एसटीच्या वेळापत्रकानं ठरवलं, आणि तो माणूस गेला काय, राहिला काय, बस आपल्या टाइमवर सुटणारच. असं बाहेरचं टाइमटेबल असलं की इंग्रजीत सिंपल प्रेझेंट येते, द बस लीव्हज. आपण पण 'उद्या बस सव्वासहाला सुटते' असंच म्हणतो ना, सुटेल म्हणत बसत नाही, त्यामुळे हे आपल्या पोट्ट्यांना जड जायला नाही पाहिजे. विल लीव्ह काही अगदी चुकलेलं इंग्रजी नाही, पण या धड्याच्या परीक्षेत टाइमटेबल ओळखलं का तेच तपासतात. ओळखायची खूण म्हणजे क्रियापद: लीव्ह, अराइव्ह, स्टार्ट, एंड, ओपन, क्लोज असलं काही असते आणि सोबत घड्याळाची वेळ नाहीतर वार असतो. आणि लीव्हमागचा तो एस विसरायचा नाही, रूप बरोबर ओळखून नुसतं लीव्ह लिहिणारी पोट्टी माझ्याकडे ढीगभर आहेत, मार्क तर जाते ना.

दुसरी जागा: आय ____ द डॉक्टर ॲट एलेव्हन. शेजारी सी आहे. मागच्या ओळीत त्यानं सांगितलंय की काल फोन करून नंबर लावून ठेवला. ही ओळच उत्तर आहे बघ. गोष्ट नुसती मनात नाही, दुसऱ्या माणसासोबत ठरली, वेळ ठरली, जागा ठरली, म्हणजे प्रेझेंट कंटिन्युअस, आय ॲम सीइंग द डॉक्टर. पोरीला सांग, आपल्या वऱ्हाडीत आपण काय म्हणतो? उद्या डॉक्टरकडे जाऊन रायलो. उद्याचीच गोष्ट, पण आत्ता चालू असल्यासारखी. मुंबई-पुण्याकडचं पोरगं इथं अडखळेल कदाचित, आपल्याकडच्या पोरांना तर हे रूप कानात बसलेलं आहे, फक्त कोणी त्याच्याकडे बोट दाखवत नाही. इथं कोणी आय सी द डॉक्टर ॲट एलेव्हन टुमॉरो लिहिलं तर ते खटकते, कारण माणसाची आपली भेट म्हणजे गाडीचं वेळापत्रक नाही. हां, सहलीचा छापील कार्यक्रम वाचून दाखवत असले, नऊला नागपूरला पोचतो, दहाला दीक्षाभूमी बघतो, तर मात्र सिंपल प्रेझेंट चालते.

आता तिसरी, आणि मला वाटते सगळ्यात मोठा घोळ इथं आहे. एक मित्र म्हणतो, दॅट बॅग लुक्स हेवी. दुसरा म्हणतो, आय ____ इट फॉर यू. शेजारी कॅरी. तुझ्या पोरीनं इथं विल सोडून आय कॅरी लिहिलं. सगळीकडे विल भरणाऱ्या पोरीला नेमकं जिथं विल पाहिजे होतं तिथंच ते सुचलं नाही! हे काऊन झालं ते मला पक्कं माहीत आहे. मराठीत आपण अशा वेळी काय म्हणतो? थांब, मी घेतो. दार वाजलं की, मी उघडतो. पाणी पाहिजे का, मी आणतो. म्हणजे त्या क्षणी मनात आलं आणि लगेच बोललो, तेव्हा मराठीत आपण वर्तमानकाळ वापरतो. पोट्टी तेच जसंच्या तसं उचलतात, आय टेक, आय ओपन, आय ब्रिंग. इंग्रजीत अशा जागी आय विलच येते, बोलण्यात आय'ल. बोलता बोलता ठरलेलं, मदत द्यायची तयारी, शब्द देणं, नकार देणं, हे सगळं विलचं घर आहे. परीक्षेत याची खूण म्हणजे आधीच्या ओळीत दुसऱ्यानं काहीतरी अडचण सांगितलेली असते, बॅग जड आहे, गरम होऊन राहिलं, फोन वाजून राहिला, आणि उत्तर देणाऱ्याला ते आत्ताच कळते. त्याला आधी माहीत नव्हतं तर त्यानं आधी ठरवलं कसं असेल? एवढा प्रश्न पोरीनं स्वतःला विचारला की झालं.

चौथी जागा यालाच लागून आहे. मित्र विचारतो, एवढे पैसे कशाला घेऊन राहिला? उत्तर: आय ____ अ स्प्रे पंप. शेजारी बाय. पैसे काढून खिशात ठेवले म्हणजे विचार आधीच झाला, म्हणून आय ॲम गोइंग टू बाय. इथं विल बाय लिहिलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की याला पंपाची गोष्ट प्रश्न ऐकल्यावर सुचली, मग पैसे कशाला काढले होते बापा? बॅगचं वाक्य आणि पंपाचं वाक्य एकाखाली एक लिहून तिला वाचायला लाव, दोन्हीत माणूस काहीतरी करायचं म्हणतो, पण एकात ते आत्ता ठरलं आणि दुसऱ्यात घरून निघायच्या आधी.

याच जागेवर तिनं खोडून दुसऱ्यांदा आय ॲम बायिंग लिहिलं होतं आणि ते पण चूक दिलं, म्हणून ती रडली असं तू लिहिलंस. मला ते बरोबर वाटत नाही. आधीच केलेल्या प्लॅनसाठी गोइंग टू आणि प्रेझेंट कंटिन्युअस कितीतरी ठिकाणी दोन्ही चालतात, चांगल्या उत्तरसूचीत दोन्ही देतात. फरक एवढाच की गोइंग टूला नुसता मनातला इरादा पुरतो, आणि कंटिन्युअसला थोडी व्यवस्था झालेली लागते. दुकानदाराला सांगून ठेवलं, त्यानं पंप बाजूला काढून ठेवला, दोन वाजता उचलायचा, असं काही वाक्यात असतं तर मी पण कंटिन्युअसच पहिलं घेतलं असतं. इथं तसं काही नाही म्हणून गोइंग टू जास्त बसते, पण दुसरं पूर्ण चूक कसं म्हणायचं?

पाचव्या जागेत मात्र तसं दोन्ही चालत नाही. लुक ॲट दोज क्लाउड्स! इट ____. शेजारी रेन. काळे ढग डोळ्यासमोर आहेत, पुरावा दिसून राहिला, म्हणून इट इज गोइंग टू रेन. इथं कोणाचा प्लॅन नाही, पावसासोबत कोणी वेळ ठरवत नाही, म्हणून टुमॉरोसोबत इट इज रेनिंग लिहिलं की ते चुकतेच. आता हाच पाऊस दुसऱ्या वाक्यात बघ: आय थिंक इट ____ नेक्स्ट वीक. समोर काही दिसत नाही, फक्त त्याला वाटते, म्हणून विल रेन. आय थिंक, प्रोबॅबली, आय'म शुअर, परहॅप्स असं काही सापडलं की बहुतेक वेळा अंदाज असतो आणि उत्तरसूची विल मागते. कापसाचा भाव वाढेल असं वाटते, हे पण विलच. बोलताना इंग्रजी लोक आय थिंक इट्स गोइंग टू रेन पण म्हणतात, तिनं कुठं ऐकलं तर गोंधळू नको म्हणा, पण पेपरात जिथं फक्त मत आहे तिथं विल लिहिणं सेफ.

आणखी एक खाच, तिच्या मागच्या पानावर दिसली. आय विल कॉल यू व्हेन आय ____ यवतमाळ, शेजारी रीच. तिनं रीच्ड लिहिलं, कारण आपण म्हणतो 'पोचलो की फोन करतो'. काही पोरं विल रीच लिहितात, 'पोचीन तेव्हा' डोक्यात धरून. व्हेन, इफ, बिफोर, आफ्टर, अनटिल यांच्यानंतर असं पुढे व्हायच्या गोष्टीचं वाक्य जोडलेलं असलं की त्यात सिंपल प्रेझेंट, म्हणजे इथं साधं रीच, लिहायचं, विल फक्त दुसऱ्या अर्ध्या भागात. हा नियम आहे, त्यात ठरलं कधी हे शोधत बसायचं नाही, जोडशब्द दिसला की लिहायचं.

माझ्या वर्गात मी असं करतो की पेन हातात घ्यायच्या आधी पेन्सिलीनं कारण अधोरेखित करायला लावतो. रिकामी जागा बोटानं झाकायची, वरची ओळ आणि खालची ओळ वाचायची, मग ज्या शब्दांवरून कळलं त्याच्याखाली रेघ. वेळापत्रक असेल तर घड्याळाच्या वेळेखाली, डॉक्टरचा नंबर असेल तर त्या फोनच्या वाक्याखाली, बॅग असेल तर हेवीखाली. रेघ मारायला काहीच सापडलं नाही तर तिथं घाई करायची नाही, बहुतेक वेळा ओळ अर्धवट वाचलेली असते. शेवटी रूप तपासायचं, गोइंग टूच्या आधी ॲम, इज, आर आलं का, टूनंतर साधं क्रियापद आहे का. विल गोइंग टू असं मिश्रण माझ्याकडे पण येते, दोन रूपं अर्धी अर्धी आठवली की तसं होते.

त्या पंपाच्या वाक्याचं मात्र सरांना जाऊन विचार, भांडायला नाही, फक्त म्हण की हे दोन्ही चालते का. बाकीच्या जागा तिनं नव्यानं, पेन्सिलीच्या रेघांसकट, भरल्या की फोटो पाठव. रेघा मला आधी दाखव, उत्तरं नंतर. आणि पुढच्या महिन्यात वेचणी आटपली की मी तिकडे येईन म्हणतो, अजून पक्कं नाही, पण आलो तर तिला घेऊन बसतो.

तुझा दोस्त