आवाज पडद्यामागे गेला म्हणूनच

रविवारच्या पुरवणीतील चित्रपटसंगीतावरील लेखात ‘नटांना गाता येईना म्हणून पार्श्वगायन आले’ असे म्हटले आहे. हे अर्धेच कारण झाले. सुरुवातीच्या बोलपटांत गाणे चित्रीकरण चालू असतानाच ध्वनिमुद्रित होई. वादक झाडाआड किंवा पडद्यामागे दडून बसत आणि नटाला मायक्रोफोनपासून फार हलता येत नसे. १९३५च्या सुमारास गाणे आधी मुद्रित करून चित्रीकरणात वाजवू लागले, तेव्हा ही अडचण सुटली.

त्यातून गाण्याची तऱ्हाच बदलली. ‘महल’मधील (१९४९) ‘आएगा आनेवाला’च्या मुद्रणात लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या, म्हणून तो आवाज दुरून जवळ येतो. रंगभूमीसारखा खडा आवाज लावायची गरज उरली नव्हती; हलका, कुजबुजता स्वरही घराघरांत पोहोचू लागला. त्या तबकडीवर गायिका म्हणून छापले होते पात्राचे नाव, ‘कामिनी’! श्रोत्यांनी रेडिओकडे पत्रांतून विचारणा केली, तेव्हा खरे नाव सांगण्यात आले. चेहरा न पाहता आवाजावर जीव लावणारा श्रोता तोवर तयार झाला होता. लेखात त्याचा उल्लेखच नाही.

– एक वाचक, सातारा