क्रिएटिनआधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील लेखात क्रिएटिन, म्हणजे स्नायूंसाठी जिममध्ये घेतली जाणारी पावडर, सर्वांसाठी निर्धोक असल्याचे म्हटले आहे. बायपोलर आजार असलेल्यांबाबत हे मला मान्य नाही. नैराश्यावर क्रिएटिन देऊन पाहिलेल्या छोट्या अभ्यासांत काही बायपोलर रुग्णांना उन्माद झाल्याची नोंद आहे.

बायपोलरवरील लिथियम हे औषध घेणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. त्यांच्या मूत्रपिंडावर रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे क्रिएटिनपासून शरीरात तयार होणारा टाकाऊ पदार्थ, तपासून लक्ष ठेवतात. रोज पाच ग्रॅम पावडर घेतल्यास मूत्रपिंड ठणठणीत असूनही हा आकडा वाढू शकतो. पावडरची कल्पना नसलेले डॉक्टर मग चांगला लागू पडलेला डोस विनाकारण कमी करतील. किंवा खरा बिघाड पावडरच्या नावावर खपून जाईल, आणि हे अधिक घातक.

म्हणून जिममधल्या सल्ल्यावर विसंबू नये. डब्याचे लेबल औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना दाखवून आधीच रक्तचाचणी करून घ्यावी. झोप घटूनही उत्साह वाढला, म्हणजे उन्मादाची चाहूल लागली, तर पावडर थांबवून त्याच दिवशी त्यांना कळवावे. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नयेत.

– एक वाचक, म्हापसा